बँकेच्या रांगेतला राम राम: कधी घालायचा, कसा घालायचा आणि कुठे गप्प राहायचं



मागच्या व्हिडिओत मी सहज बोलून गेलो होतो की, दुकानदाराने बँकेच्या रांगेत मोबाईल खिशात ठेवावा आणि आजूबाजूच्यांना राम राम घालावा. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, अनोळखी माणसाला नेमकं काय बोलायचं? लोक काय म्हणतील? आणि कॅशियर तर मान वरसुद्धा करत नाही!" व्हिडिओत हे सगळं मावलं नसतं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. याच विषयात मी एक चांगलं गिऱ्हाईक घालवलंय.

माझं दुकान वारूळवाडीत आहे. ठिबकचं साहित्य, पाईप आणि फिटिंग. वारूळवाडी म्हणजे नारायणगावला अगदी खेटून, पुणे-नाशिक रस्त्यावर. गिऱ्हाईक जवळजवळ सगळं शेतकरी. कोणी टोमॅटोवाला, कोणी द्राक्षवाला, कोणी कांदा करणारा. बीबीए करून मी दुकानात बसलो, तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं, ओळखी वाढवायच्या. जिथे माणूस दिसेल तिथे मोठ्याने हाक मारायची, चार शब्द बोलायचे.

मार्च महिना होता. मार्चमध्ये आपल्याकडे बँकेत काय गर्दी असते ते तुम्हाला माहीत आहे. ३१ मार्चच्या आत पीक कर्ज भरायचं आणि पुन्हा उचलायचं, ज्याला आपण 'नवं-जुनं करणं' म्हणतो. रांग दारापर्यंत आलेली. माझ्यापुढे सात-आठ माणसं सोडून एक तात्या उभे होते. माझ्याकडूनच ठिबक नेलेलं, उधारी वेळेवर देणारा माणूस. मी तिथूनच आवाज दिला, "राम राम तात्या! काय, नवं-जुनं करायला का?"

तात्या नुसते हसले आणि पुढे बघायला लागले. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. म्हणून मी परत विचारलं, आधीपेक्षा मोठ्याने.

नंतर कळलं ते असं. तात्यांचं कर्ज त्या वर्षी थकलं होतं. टोमॅटोने दगा दिलेला. आणि त्यांच्या मागे दोन माणसं सोडून जे गृहस्थ उभे होते, त्यांच्या घरी तात्यांच्या मुलीची सोयरीक चालू होती. मी बिचाऱ्या माणसाची थकबाकी भर रांगेत, नेमकी त्याच माणसासमोर बोलायला काढली. तात्या पुढे माझ्या दुकानात फिरकले नाहीत. तीन-चार महिन्यांनी मी त्यांच्या वस्तीवर जाऊन माफी मागितली. ते चिडले नाहीत. चहा पाजला आणि एवढंच म्हणाले, "अरे, बँकेत माणूस उघडा असतो. तिथं हाक मारताना जरा बघत जा."

सोयरीक पुढे जमली, देवाची कृपा. पण तात्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. रांगेतला नमस्कार हा दुकानातल्या नमस्कारासारखा नसतो. दुकानात गिऱ्हाईक आपण होऊन आलेलं असतं. रांगेत माणूस अडकलेला असतो, तिथून त्याला हलता येत नाही, आणि त्याच्या हातातल्या कागदावर त्याची सगळी परिस्थिती लिहिलेली असते. त्यामुळे तिथे नमस्कार करायला थोडी रीत लागते. ती रीत मी तीन टप्प्यांत सांगतो: रांगेत शिरताना, थांबलेलं असताना आणि खिडकीपाशी.

१. रांगेत शिरताना: "राम राम, शेवटी कोण?"

अनोळखी लोकांत बोलायला सुरुवात कशी करायची, हा तुमचा पहिला प्रश्न. उत्तर एकदम सोपं आहे. रांगेत तुम्हाला एक गोष्ट विचारावीच लागते, ती म्हणजे शेवटी कोण आहे. तिथूनच सुरुवात करा.

आपल्याकडची रांग सरळ रेषेत कधीच नसते. एखादे आजोबा बाकावर बसलेले असतात पण त्यांचा नंबर असतो. एखादी मावशी स्लिप भरून घ्यायला बाजूला गेलेली असते. पासबुक छापायच्या खिडकीवर तर माणसांऐवजी पासबुकांचीच चळत लागलेली असते. एसटी स्टँडवर पिशवी ठेवून माणूस चहाला गेलेला असतो. आलेला नवा माणूस हे न विचारता जो मोकळा दिसेल त्याच्या मागे उभा राहतो, आणि दहा मिनिटांनी भांडण लागतं.

म्हणून आत आल्यावर शेवटच्या माणसाकडे बघून, हळू आवाजात: "राम राम दादा. शेवटी तुम्हीच का?" तो सांगेल, "मी आहे, पण माझ्यापुढं त्या बसलेल्या आजी आहेत." आता लगेच त्या आजींकडेही बघून मान हलवा. एवढ्यात दोन माणसांशी ओळखीची सुरुवात झाली आणि तुमचा नंबरही पक्का झाला.

पुढचं काम बरेच जण विसरतात. तुमच्या मागे जो येईल, त्याला तुम्ही होऊन सांगायचं, "या, माझ्या मागं या. त्या आजी माझ्यापुढं आहेत हं." आणि कोणी म्हणालं, "जरा जागा बघा, झेरॉक्स काढून येतो," तर ती जागा खरंच बघायची. तो परत आल्यावर मागच्या माणसाने हरकत घेतली, तर आपण सांगायचं की हे आधीपासून आहेत. माझा अनुभव असा की, तुम्ही काय बोललात हे लोक विसरतात, पण तुम्ही त्यांची जागा राखली हे लक्षात ठेवतात.

आधी कोणी बोलायचं? वयाने लहान असेल त्याने आणि नंतर आलेल्याने. तुम्ही तिशीतले आणि समोर सत्तरीचे आजोबा असतील तर वाट बघू नका, आधी तुम्हीच बोला.

२. शब्द कोणते वापरायचे?

अनोळखी माणसाला 'नमस्कार' कधीच चुकत नाही. शेतकरी माणूस, त्यातही वयस्कर असेल, तर 'राम राम' जास्त जवळचं वाटतं. गळ्यात तुळशीची माळ दिसली तर 'रामकृष्ण हरी' म्हणा. आपल्या जुन्नर तालुक्यात तर ते विशेषच आहे. तुकोबारायांना हा मंत्र ज्यांनी दिला असं परंपरा सांगते, त्या बाबाजी चैतन्यांची समाधी इथेच ओतूरला आहे.

पण माळ, टोपी, कपडे बघून अंदाज बांधत बसू नका. मी एकच नियम पाळतो. समोरचा जे म्हणेल, तेच त्याला परत म्हणायचं. तो 'रामकृष्ण हरी' म्हणाला की 'रामकृष्ण हरी', 'जय भीम' म्हणाला की 'जय भीम', 'जय शिवराय' म्हणाला की 'जय शिवराय'. कोणी 'सलाम' म्हणालं तर तुम्हीही 'सलाम'. 'जय भीम' म्हणणाऱ्या माणसाला जर तुम्ही मुद्दाम 'नमस्कार' असं उत्तर दिलंत, तर तो काही बोलणार नाही, पण त्याच्या ते बरोबर ध्यानात येतं. आणि तुम्ही दुकानदार आहात. तुमच्या दाराशी सगळ्यांनी यावं असं तुम्हाला वाटत असेल, तर सगळ्यांचा नमस्कार तुमच्या तोंडात सहज बसला पाहिजे.

हाक मारायची कशी, हेही बघा. आपल्या भागात ओळखीच्या पुरुषाला 'शेठ' म्हणायची पद्धत आहे, मग तो शेतकरी असो नाहीतर व्यापारी. रांगेत मात्र जपून. ज्याची परिस्थिती सध्या ओढाताणीची आहे, त्याला चार लोकांत 'काय शेठ' म्हटलं तर टोमणा मारल्यासारखं लागतं. तिथे 'दादा', 'काका', 'तात्या', 'मामा' बरं. बायकांना 'ताई', 'मावशी', 'आजी'. पुरुषांनी लक्षात ठेवायचं की अनोळखी बाईला एकदा 'नमस्कार ताई' म्हटलं की पुरे. तिने नुसती मान हलवली किंवा काहीच उत्तर दिलं नाही, तर तो उद्धटपणा समजू नका. गावात सासरची माणसं त्याच रांगेत उभी असू शकतात. पुन्हा बोलायचा प्रयत्न करू नका, एवढंच.

टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या मार्केटला बाहेरच्या राज्यांतले व्यापारी येतात, त्यांची माणसं बँकेतही दिसतात. त्यांना 'राम राम भैया' म्हटलं की 'राम राम' असंच उत्तर येतं. हा एक शब्द अर्ध्या देशात चालतो.

हात जोडायलाच पाहिजेत असं काही नाही. एका हातात पासबुक, दुसऱ्यात पिशवी. नजर मिळवा, मान थोडी झुकवा, तेवढं पुरतं. पैशाची पिशवी काखेत धरून हात मिळवायला तर कोणाकडे जाऊच नका. पुढच्याची पंचाईत होते.

३. थांबलेलं असताना: काय बोलायचं, काय नाही

नमस्कार झाला. पुढे वीस मिनिटं उभं राहायचंय. बोलायचं काय?

माझी साधी कसोटी अशी आहे: या प्रश्नाच्या उत्तरात रक्कम येणार आहे का? येणार असेल तर तो प्रश्न रांगेत विचारायचा नाही.

आता बघा, "किती भरायला आलात?" हा प्रश्न कोणी विचारणार नाही, तो उघडच चुकीचा आहे. पण "आज बाजार काय निघाला? किती कॅरेट गेले?" हा आपला रोजचा प्रश्न. मार्केटमध्ये, चहाच्या टपरीवर तो ठीक आहे. बँकेच्या रांगेत मात्र भाव आणि कॅरेट, दोन्ही कळले की मागच्या माणसाला गुणाकार करायला किती वेळ लागतो? समोरच्याच्या पिशवीत आज किती रोकड आहे, ते तुम्ही दहा लोकांना सांगून टाकलंत. तो बाहेर पडून एकटाच मोटारसायकलवर वस्तीवर जाणार असतो. "कर्जाचं झालं का?", "मुलीच्या लग्नाचे काढायला आलात वाटतं?", "एफडी मोडली का काय?" हे सगळे त्याच जातीचे प्रश्न. माझं 'नवं-जुनं'ही त्यातलंच.

मग बोलायचं काय? पाऊसपाणी. रस्त्यावरची ट्रॅफिक. काल वस्तीजवळ बिबट्या दिसला म्हणतात, खरं का? आपल्या भागात या विषयावर कोणाकडेही सांगण्यासारखं असतंच. किंवा रांगेपुरतंच बोला: "आज एकच खिडकी चालू दिसते," "दुसऱ्या शनिवारची सुट्टी आली ना, म्हणून गर्दी." फक्त तक्रारीचा सूर लावू नका. एकाने कर्मचाऱ्यांना नावं ठेवायला सुरुवात केली की सगळी रांग त्यात सामील होते, आणि हे सगळं आत खिडकीत ऐकू जात असतं.

बोलायचं नसलेला माणूस ओळखता आला पाहिजे. उत्तर एका शब्दात आलं आणि नजर परत पुढे गेली, तर तिथे थांबायचं. कागद छातीशी धरून उभा असेल, पुन्हा पुन्हा पैसे चाचपत असेल, तर त्याचं लक्ष कुठेतरी दुसरीकडे आहे.

यातला सगळ्यात नाजूक प्रसंग सांगतो. घरातलं माणूस गेल्यावर खात्याच्या कामासाठी मृत्यूचा दाखला घेऊन लोक बँकेत येतात. दशक्रिया होऊन चार दिवस झालेले असतात. अशा माणसाला लांबून "काय, कसं काय?" म्हणून हसत हाक मारली की मग जीभ चावायची वेळ येते. एकदा माझ्यापुढे अशाच एक ताई होत्या, ओळखीच्या, फॉर्म हातात धरून नुसत्या उभ्या. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "ताई, बसा तुम्ही. नंबर आला की मी हाक मारतो." बाकी काही बोललो नाही. त्या वेळी तोच नमस्कार होता.

४. खिडकीपाशी: कॅशियरला कधी बोलायचं?

आता तुमची मोठी तक्रार, कॅशियर मान वर करत नाही. तो का करत नाही, ते त्याच्या बाजूने बघू.

तुम्ही स्लिप आणि नोटा आत सरकवता. तो स्लिपवरचा खाते क्रमांक आणि रक्कम बघतो. पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभरच्या किती, हे तुम्ही लिहिलेलं असतं. ते नोटांशी जुळवतो. नोटा मशीनमध्ये टाकतो, बऱ्याचदा पुन्हा हाताने मोजतो. शंका आलेली नोट उजेडात धरतो. मग संगणकात नोंद, शिक्का, सही, आणि तुमचा अर्धा कागद परत. दिवसभर हेच. आणि संध्याकाळी हिशेबात रक्कम कमी भरली, तर ती त्याच्या अंगावर येते. अशा वेळी, बोटं नोटांवर आणि ओठांत आकडा चालू असताना, तुम्ही "नमस्कार साहेब, ओळखलं का?" म्हणालात, तर त्याचा आकडा चुकतो. त्याला पहिल्यापासून मोजावं लागतं. मागच्या वीस जणांचा वेळ जातो तो वेगळाच.

म्हणून कॅशियरला बोलायच्या दोनच जागा आहेत. पहिली, आधीच्या माणसाचा कागद देऊन तो तुमच्याकडे वळतो तेव्हा. त्या वेळी "नमस्कार साहेब" किंवा "नमस्कार मॅडम", दोन शब्द, आणि लगेच स्लिप. दुसरी, तुमचा कागद तुमच्या हातात आल्यावर: "धन्यवाद साहेब, येतो." मध्ये पूर्ण शांतता. तो काही विचारेल तेवढंच उत्तर द्यायचं.

नमस्कारापेक्षाही त्याला बरं वाटतं ते तुमच्या तयारीने. सोमवारी मी शनिवार-रविवारचा गल्ला भरायला जातो, तेव्हा दुकानातच हे करून निघतो. नोटा किमतीप्रमाणे वेगळ्या, सगळ्यांची तोंडं एका बाजूला. शंभर नोटा झाल्या की रबर. पिन मारायची नाही. फाटकी नोट असेल तर वेगळी, सगळ्यात वर, आणि देतानाच सांगायचं, "साहेब, ही एक फाटकी आहे, चालेल का बघा." स्लिप घरीच भरलेली. रक्कम मोठी असेल तर पॅन क्रमांक लिहिलेला. रांगेत सगळ्यांना राम राम घालून, खिडकीशी आल्यावर पेन शोधणारा माणूस कोणालाच आवडत नाही.

माझं पाहा. पहिले दोन-तीन महिने आमच्या इथल्या मॅडमनी मान वर केली नाही. मी आपला येताना नमस्कार, जाताना धन्यवाद. एक दिवस त्यांनी कागद देता देता विचारलं, "आज सोमवारी नाही आलात?" मंगळवार होता. एवढीच आमची ओळख, आणि ती तेवढीच ठेवली. पण त्यानंतर एकदा मी स्लिपवर आकड्यात एक आणि अक्षरात दुसरंच लिहिलं होतं, तेव्हा त्यांनी स्लिप परत न फेकता बोट ठेवून दाखवलं.

शिपाईकाका आणि दारावरचे सुरक्षारक्षक यांना विसरू नका. आत जाताना पहिला राम राम त्यांना. रांग कुठली, साहेब आज आहेत का, सिस्टीम बंद आहे का, हे सगळं त्यांना माहीत असतं. पण त्यासाठीच त्यांना राम राम घालत असाल तर ज्या दिवशी काम नसेल त्या दिवशी घालायचं विसराल, आणि ते त्यांना बरोबर कळतं.

५. नमस्काराने रांग मोडायची नाही

इथे बरेच उद्योजक घसरतात. ओळख झाली की मोह होतो. बाजूने जायचं, काचेपाशी वाकायचं, "नमस्कार साहेब, जरा हे एवढंच घ्या ना." साहेब संकोचाने घेतातही. तुमची पंधरा मिनिटं वाचतात. पण रांगेत उभी असलेली बारा माणसं तुमच्याकडे बघत असतात, आणि ती तुमच्याच पंचक्रोशीतली असतात. त्यांच्यातले किती जण उद्या तुमच्या काउंटरवर येणार आहेत? त्यांनी तुमच्याबद्दल आज काय बघितलं?

याहून अवघड म्हणजे साहेबांनी स्वतःच हाक मारली तर: "अहो, या ना पुढे." मी अशा वेळी म्हणतो, "साहेब, या आजींचं घ्या आधी, मी आहे रांगेत." साहेबांचा मान राहतो, रांगही राहते.

एसटीच्या खिडकीवर हेच जरा वेगळ्या घाईत होतं. तिथे बोलायला वेळच नसतो, कधी मागच्याची गाडी लागलेली असते. "नमस्कार साहेब" आणि त्याच दमात गाव, तारीख, किती माणसं, एवढं सांगायचं. सुटे पैसे हातात तयार. जूनमध्ये कॉलेजच्या पासाची रांग असते, त्यात पोरं-पोरी असतात. त्यांना 'बाळा' न म्हणता, "काय, कोणतं कॉलेज?" असं विचारा. आणि मागून कोणी म्हणालं, "दादा, माझी गाडी सुटतेय," तर त्याला पुढे सोडा. पण सोडायच्या आधी तुमच्या मागच्यांना विचारा. त्यांचाही नंबर तुम्ही देऊन टाकत असता.

मग याचा धंद्याला उपयोग काय?

खरं सांगतो. लगेच काहीच नाही. रांगेत नमस्कार केला म्हणून कोणी ठिबक घ्यायला येत नाही. आणि तिथे व्हिजिटिंग कार्ड काढलंत, तर आधीचे सगळे नमस्कार वाया गेले असं समजा. लोकांना कळतं की हा एवढे दिवस कशासाठी गोड बोलत होता.

पण एक गोष्ट समजून घ्या. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९७३ सालचा एक लेख फार गाजला. माणसांना नोकरी कोणाकडून कळली, हे त्याने विचारलं होतं. त्यात जवळच्या मित्रांपेक्षा कधीमधी भेटणाऱ्या, जुजबी ओळखीच्या माणसांकडून कळल्याचं प्रमाण मोठं निघालं. कारण साधं आहे. तुमच्या जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते बहुतेक तुम्हालाही माहीत असतं. जुजबी ओळखीचा माणूस दुसऱ्या गावचा, दुसऱ्या भावकीतला, दुसऱ्या धंद्यातला असतो. त्याच्याकडची बातमी वेगळी असते. आणि अशी माणसं एकाच ठिकाणी, निवांत उभी सापडतात ती रांगेत.

माझ्याबाबतीत ते असं घडलं. एका आजोबांना मी दर सोमवारी राम राम घालायचो. तीन-चार महिने त्यापलीकडे काही नाही. एके दिवशी त्यांनीच विचारलं, "तुमचं ते नळीचं दुकान ना? आमची नळी जोडाशी गळते, काय करावं?" मला सांगता आलं असतं की दुकानात या. मी विचारलं, "नळी सोळा मिलीमीटरची का वीसची? आणि टोक तिरकं कापलंय का?" टोक तिरकं कापलेलं असलं की जॉइनर नीट बसत नाही. ते म्हणाले, पोराने कोयत्याने कापली. म्हटलं, "मग नवीन काही घेऊ नका. टोक सरळ कापा, गरम पाण्यात बुडवा आणि तोच जॉइनर दाबून बसवा." माझी विक्री शून्य.

पुढच्या सोमवारी ते म्हणाले, "बसला." बस, एवढंच. त्या उन्हाळ्यात त्यांच्या वाडीतले दोघे जण माझ्याकडे आले, आजोबांचं नाव सांगून. येतीलच असं नव्हतं. नसते आले तरी त्या सोमवारच्या रांगेत एक माणूस माझ्याकडे बघून हसत होता, ते काही कमी नव्हतं.

आणि ते तात्या? दुकानात ते अजूनही येत नाहीत. त्यांचा मुलगा येतो. बँकेत तात्या दिसले की मी जवळ जातो, हळू आवाजात राम राम घालतो आणि गप्प उभा राहतो. बोलायचं असेल तर तेच सुरुवात करतात. हल्ली करतात.

या आठवड्याचं काम

बँकेत किंवा स्टँडवर जाल तेव्हा तीनच माणसांना नमस्कार करायचा: दारावरचे काका, रांगेत तुमच्या पुढचा आणि खिडकीतला. कोणाकडे काही मागायचं नाही, आपल्या धंद्याचं नाव काढायचं नाही. चार आठवडे, त्याच दिवशी, त्याच वेळेला जा, म्हणजे तीच माणसं भेटतील. पाचव्या आठवड्यात कोण आपण होऊन बोललं, ते मला कॉमेंटमध्ये लिहा. आणि तोपर्यंत कोणाचा आकडा मोजताना चुकवला असेल, तर तेही लिहा. मीही चुकवलाय.

चला, भेटू पुढच्या व्हिडिओत. राम राम!